महापौर मोठे की आयुक्त? सहीचा अधिकार, सभेचा अधिकार आणि मंत्रालयाची किल्ली

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या रस्त्यासाठी आम्ही सोसायट्यांनी मिळून थेट महापौरांना निवेदन दिलं. त्यांनी आमच्यासमोर अधिकाऱ्यांना फोन लावला, अर्जावर "तातडीने कार्यवाही करावी" असं लिहिलं. चार महिने झाले, काही हललेलं नाही. आता लोक म्हणतात महापौरांच्या हातात काही नसतं, सगळं आयुक्तच करतात. मग शहराचा कारभार नक्की कोणाच्या हातात असतो?

उत्तर :

लोक म्हणतात ते कायद्याच्या दृष्टीने खरं आहे, पण अर्धंच. मी नगरसचिव कार्यालयात नोकरी केली. सभांचे विषय लावणं, ठराव लिहिणं, इतिवृत्त ठेवणं हे आमचं काम. महापौरांचं दालन एका बाजूला आणि आयुक्तांचं दुसऱ्या, मधे आम्ही. त्यामुळे कुठला कागद कुणाच्या सहीने पुढे सरकतो आणि कुणाच्या गप्प बसण्याने अडतो, हे रोज बघायला मिळालं. मी बोलतोय ते महाराष्ट्राबद्दल, इतर राज्यांचं शेवटी थोडक्यात सांगतो.

मुंबई सोडून राज्यातल्या महापालिका १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर चालतात. मुंबईचा कायदा वेगळा आहे, १८८८ चा. १९४९ च्या कायद्यातलं कलम ६७ हे या सगळ्या भांडणाचं मूळ. कायद्याची अंमलबजावणी करण्याचा संपूर्ण कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे राहील, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मुंबईच्या कायद्यात हीच तरतूद कलम ६४ मध्ये आहे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. कायद्याने महापालिकेची जी 'प्राधिकरणं' मोजली आहेत, त्यांत महापालिका म्हणजे नगरसेवकांची सभा आहे, स्थायी समिती आहे, आयुक्त आहेत. महापौर त्या यादीत स्वतंत्रपणे नाहीत. ते त्या सभेचे अध्यक्ष.

म्हणजे महापौरांनी तुमच्या अर्जावर जे लिहिलं तो आदेश नव्हता. ती शिफारस होती. असे शेरे मारलेले अर्ज रोज गठ्ठ्याने आयुक्त कार्यालयात जातात, तिथे आवक क्रमांक पडतो, "पाहून नियमानुसार कार्यवाही करावी" असा आणखी एक शेरा पडतो आणि कागद खात्याकडे उतरतो. या 'नियमानुसार' शब्दातच सगळं आलं. शेरा महापौरांचा म्हणून खात्याला एक रुपयाही जास्त खर्च करता येत नाही. आणि ज्या अभियंत्याला महापौरांनी तुमच्यासमोर फोनवर झापलं, त्याची बदली, निलंबन, गोपनीय अहवाल यांतलं काहीही महापौरांकडे नसतं. तो फोनवर "हो साहेब, करतो साहेब" म्हणतो आणि ते मनापासूनही म्हणत असेल, पण त्याचा साहेब वेगळा आहे.

आता उरलेली अर्धी बाजू. ती समजायला तुमच्याच रस्त्याचा कागद पुढे कसा जातो ते बघा. समजा काम पन्नास-साठ लाखांचं आहे. क्षेत्रीय कार्यालयाचा कनिष्ठ अभियंता जागेवर येऊन मोजमाप घेतो आणि दरसूचीप्रमाणे एस्टिमेट करतो. मग पहिला प्रश्न येतो : बजेटमध्ये या कामाला तरतूद आहे का? बहुतेक वेळा नसते. तुमचा रस्ता नावानिशी बजेटमध्ये असेल, तर तो नगरसेवकाने घातलेला असतो. आमच्या पुण्याकडे त्या वॉर्डनिहाय कामांना 'स यादी' म्हणतात. नगरसेवकाला खरी किंमत येते ती या यादीमुळे. बजेटचा मूळ मसुदा आयुक्त करतात आणि स्थायी समितीला सादर करतात. स्थायी त्यात आपली कामं घालते, आकडा फुगवते आणि अध्यक्ष ते सर्वसाधारण सभेपुढे ठेवतात. अंतिम मंजुरी सभेची. आयुक्तांना सभेने मंजूर न केलेला पैसा खर्च करता येत नाही.

तरतूद नसेल तर दुसऱ्या कामाचे पैसे इकडे वळवावे लागतात. त्याला वर्गीकरण म्हणतात. त्याचा प्रस्ताव आयुक्तांच्या सहीने स्थायीपुढे आणि बहुतेक वेळा पुढे सभेपुढे जातो. पैसे सापडले की तांत्रिक मंजुरी, मग टेंडर. टेंडर काढायचं काम प्रशासनाचं. पण ठरावीक रकमेवरचा ठेका कुणाला द्यायचा, त्याला स्थायी समितीची मंजुरी लागते. ही रकमेची मर्यादा वेळोवेळी बदलत आली आहे आणि मुंबईची वेगळी आहे, म्हणून आकडा मुद्दाम देत नाही. स्थायीने मंजुरी दिली की करारनामा, मग वर्क ऑर्डर. त्या ऑर्डरवर पुन्हा प्रशासनाची सही.

या प्रवासात महापौर कुठे दिसले? सभेच्या अध्यक्षस्थानी, एवढंच. सभा कधी घ्यायची, विषय आज घ्यायचा की तहकूब करायचा, कुणाला किती वेळ बोलू द्यायचं, समसमान मतं पडली तर निर्णायक मत कुठे टाकायचं, हे त्यांच्या हातात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण विषय तीन-तीन सभा तहकूब ठेवता येतो आणि तेवढ्यात आर्थिक वर्ष संपतं. नकाराधिकार म्हणा हवं तर. काम करून घ्यायची ताकद मात्र त्यात नाही.

कारभारात महापौरांपेक्षा जास्त वजन स्थायी समितीच्या अध्यक्षाला असतं, हे महापालिकेतला शिपाईसुद्धा सांगेल. समितीचे सदस्य सोळा, मुंबईत सव्वीस. दर आठवड्याला बैठक, पैशाचा प्रत्येक मोठा विषय त्यांच्यापुढे. म्हणून पक्षात महापौरपदासाठी जेवढी चुरस असते तेवढीच, कधी त्याहून जास्त, स्थायीच्या अध्यक्षपदासाठी असते. महापौरपद आरक्षणाच्या सोडतीने ठरतं, मुदत अडीच वर्षं, गाडी, बंगला, मान. स्थायीकडे मान कमी आणि फाइली जास्त.

आयुक्त आणि सभा यांच्या अधिकाराची सीमा जिथे घासते ती जागा म्हणजे ६७(३)(क). आमच्याकडे नुसतं 'सदुसष्ट-तीन-क' म्हणत. एखादी आणीबाणी आली, जलवाहिनी फुटली, नाल्याची भिंत कोसळली, साथ आली, तर आयुक्त मंजुरीची वाट न बघता काम सुरू करू शकतात आणि नंतर स्थायीला व सभेला कारणांसह कळवायचं, अशी ती तरतूद. हेतू चांगला आहे. पण ती कशी वापरली जाते ते बघायला हवं. पाऊस तोंडावर आला की कधी कधी अचानक बरीच कामं 'तातडीची' होतात, आणि त्यांतली काही अशी असतात की ती जानेवारीतही तेवढीच तातडीची होती. ओळखायची खूण सोपी आहे : ज्या कामाला एस्टिमेट करायला महिना मिळाला, त्याला टेंडर काढायलाही वेळ होता. गंमत अशी की यात नेहमी आयुक्त एका बाजूला आणि नगरसेवक दुसऱ्या बाजूला असतात असं नाही. बऱ्याचदा नगरसेवकच 'क'खाली काम करून द्या म्हणून मागे लागलेले असतात, कारण टेंडरची वाट बघायची त्यांचीही तयारी नसते.

आता समजा सभेने आयुक्तांना न पटणारा ठराव केला. वर्तमानपत्रात मथळा येतो, "महापौरांचे आयुक्तांना आदेश". सभागृहात महापौर पीठावरून जे सांगतात त्याला आदेश म्हणायची पद्धत आहे. बंधनकारक असतो तो रीतसर विषयपत्रिकेवरचा, मंजूर झालेला, इतिवृत्तात कायम झालेला ठराव. तोही आयुक्तांना कायद्याच्या विरुद्ध किंवा महापालिकेच्या आर्थिक हिताच्या विरुद्ध वाटला, तर ते तो कलम ४५१ खाली राज्य सरकारकडे पाठवतात. सरकार तो निलंबित करू शकतं आणि नंतर रद्दही करू शकतं. आमच्या भाषेत 'विखंडनासाठी पाठवला'. हा शब्द एकदा फाइलवर आला की सभागृहात आरडाओरडा होतो, आणि फाइल मंत्रालयात जाऊन बसते. नगरविकास खात्यात ती किती दिवस बसेल याचा नियम नाही. मधल्या काळात ठराव ना जिवंत ना मेलेला.

यावर सभेकडे एकच मोठं हत्यार आहे : आयुक्तांवर अविश्वास. कलम ३६ मध्ये आहे ते. एकूण नगरसेवकांपैकी किमान पाच अष्टमांशांनी आयुक्तांना हटवण्याच्या बाजूने मत दिलं, तर सरकारने त्यांना पदावरून दूर करावं, असा त्याचा अर्थ. नुसतं साधं बहुमत पुरत नाही, आणि हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूण संख्येच्या पाच अष्टमांश लागतात. वाचायला हत्यार जबरदस्त आहे. ते चालवल्यावर काय होतं, याचं उदाहरण नवी मुंबईचं आहे.

२०१६ च्या मे महिन्यात तुकाराम मुंढे नवी मुंबईचे आयुक्त झाले. अतिक्रमणं, बेकायदा बांधकामं, ठेके यांवर त्यांनी हात घातला. नगरसेवकांची तक्रार अशी की आयुक्त विश्वासात घेत नाहीत, कामं अडवतात, लोकप्रतिनिधींचा मान राखत नाहीत. दोन्ही बाजूंना समर्थक होते, लोक रस्त्यावर आयुक्तांच्या बाजूने आले होते, हेही खरं. ऑक्टोबरमध्ये अविश्वासाचा ठराव आला. सभागृह १११ जणांचं. १११ चे पाच अष्टमांश म्हणजे ६९ आणि वर थोडं, म्हणून किमान ७० मतं हवीत. प्रत्यक्षात ठरावाच्या बाजूने पडली १०४, विरोधात फक्त ६, तीही भाजपच्या नगरसेवकांची. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे राष्ट्रवादी, शिवसेना आणि काँग्रेस एका बाजूला उभे राहिले. कायद्याला हव्या त्यापेक्षा ३४ मतं जास्त.

आणि आयुक्त गेले का? नाही. राज्य सरकारने तो ठराव अमलात येऊ दिला नाही. मुंढे तिथेच राहिले आणि पुढे मार्च २०१७ मध्ये त्यांची बदली पुण्याच्या बससेवेत, पीएमपीएमएलमध्ये झाली. ती बदली सरकारने केली, सरकारच्या वेळापत्रकाने केली. दोन वर्षांनी नाशकात करवाढीवरून त्यांच्यावरच अविश्वासाचा ठराव येऊ घातला. तिथे मुख्यमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर नगरसेवकांनी तो मागे घेतला, पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बदली झालीच. ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. एका ठिकाणी ठराव १०४ मतांनी मंजूर झाला आणि आयुक्त राहिले. दुसऱ्या ठिकाणी ठराव मागे घेतला गेला आणि आयुक्त गेले. आयुक्त राहणार की जाणार, हे दोन्ही वेळा शहराबाहेर ठरलं.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे की अंमलबजावणी आयुक्तांची, पैशाची मंजुरी स्थायी आणि सभेची, आणि त्या दोघांच्या वर लगाम नगरविकास खात्याचा. आयुक्तांना नेमतं ते खातं, मुदत कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षांची, पण त्याआधी उचलतंही तेच खातं. आयुक्त आयएएस अधिकारी असतील तर त्यांची पुढची कारकीर्द मंत्रालयात आहे, महापालिकेत नाही. त्यामुळे महापौरांनी सांगितलेलं आयुक्तांनी टाळलं तर फार तर सभागृहात दोन तास ऐकून घ्यावं लागतं. पालकमंत्र्यांनी सांगितलेलं टाळलं तर काय होतं ते त्यांना नीट माहीत असतं. कधी आयुक्त महापौरांचं झटपट ऐकताना दिसले तर समजा की महापौर आणि मंत्री एकाच गटाचे आहेत.

हे असं का ठेवलंय, याचं मूळ मुंबईत आहे. १८६५ च्या कायद्याने मुंबईत सगळा कारभार एका आयुक्ताच्या हाती दिला. ते पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड, ज्यांच्या नावाचं मार्केट आहे. माणूस कामाचा होता, शहराची घाण काढली, पण खर्चाला धरबंध नव्हता. १८७१ मध्ये करदाते खवळले. तेव्हा फिरोजशहा मेहतांनी एक भूमिका मांडली : अंमलबजावणी एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे राहू द्या, त्याला सरकार नेमू दे, पण त्याच्यावर निवडून आलेल्या सभेचा वचक असू द्या. समितीने कारभार करू नये, समितीने देखरेख करावी. १८७२ आणि पुढे १८८८ चा कायदा याच चौकटीत बसलेला आहे. १९४९ चा कायदा त्याचाच धाकटा भाऊ. मुंबईत सभेच्या अध्यक्षाला 'महापौर' म्हणायला लागले तेसुद्धा १९३१ मध्ये, म्हणजे नाव मोठं झालं, अधिकार तोच राहिला. अनेक जण याला नुसतं इंग्रजांचं कारस्थान म्हणतात. मला ते पटत नाही. मेहतांची मांडणी विचारपूर्वक होती. बिघडलं ते पुढे : सभेचा वचक सैल पडला आणि नेमणाऱ्या सरकारचा घट्ट झाला.

७४ व्या घटनादुरुस्तीने हे बदललं असं तुम्हाला कुणी सांगेल. ती १९९३ पासून लागू आहे. तिने निवडणुका, आरक्षण, वॉर्ड समित्या हे सक्तीचं केलं. शहराचा कार्यकारी प्रमुख कोण, हे मात्र राज्यांवर सोडलं. अध्यक्ष कसा निवडायचा तेही राज्याने ठरवायचं.

महाराष्ट्राने एकदा उलटा प्रयोग करून पाहिला. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपुरात 'मेयर इन कौन्सिल' आणली, म्हणजे महापौर आणि त्यांचं छोटं मंडळ कार्यकारी, आयुक्त त्यांच्या हाताखाली. मुंबईत नंदू साटम आणि नागपुरात देवेंद्र फडणवीस त्या पद्धतीचे महापौर होते. १९९९ मध्ये ती गुंडाळली. एवढ्या कमी काळात कुठल्याही पद्धतीचं बरं-वाईट कळत नाही, त्यामुळे "करून पाहिलं, जमलं नाही" हा दाखला मला कच्चा वाटतो. कोलकात्यात हीच पद्धत १९८० च्या कायद्याने आली आणि अजून चालू आहे. तिथे तुमचा प्रश्न विचारला असता तर उत्तर 'महापौर' असं आलं असतं. मध्य प्रदेशात लोक महापौराला थेट निवडतात आणि त्याच्याकडे मंडळही असतं. दिल्लीत आणि कर्नाटकातल्या बहुतेक शहरांत महापौर एकेका वर्षापुरता, म्हणजे आपल्यापेक्षाही दुबळा.

उलटं टोक आपण अलीकडेच पाहिलं. २०२२ मध्ये मुंबई, पुण्यासह बऱ्याच महापालिकांची मुदत संपली, निवडणुका न्यायालयात अडकल्या आणि आयुक्तच प्रशासक झाले. सभेचे आणि स्थायीचे अधिकारही त्यांच्याचकडे. प्रस्ताव मांडणारे तेच आणि मंजूर करणारे तेच. २०२६ च्या जानेवारीत निवडणुका होईपर्यंत हे चाललं. त्या काळात बैठकीचं कामकाज मिनिटांत उरकायचं. कामं वेगात झाली असं अधिकारी म्हणतात, आणि काही झालीही. पण कुठलं काम का निवडलं आणि कुठलं का सोडलं, हे उभं राहून विचारणारं कुणी समोर नव्हतं. महापौरांना अधिकार नसतात म्हणणाऱ्यांनी ती वर्षं आठवावीत. पीठावर बसून विषय रोखून धरणाऱ्या माणसाचाही उपयोग असतो.

आता तुमच्या रस्त्याचं. नवीन निवेदन देऊ नका, शेरे पुरेत. क्षेत्रीय कार्यालयात जाऊन जुन्या अर्जाच्या आवक क्रमांकावरून तो कुठल्या अभियंत्याकडे आहे ते काढा आणि त्याला दोनच गोष्टी विचारा : एस्टिमेट झालं का, आणि बजेटचा कोड कोणता. एस्टिमेटच झालं नसेल तर ते प्रशासनाचं काम आहे. तिथे आयुक्तांकडे, आधी उपायुक्तांकडे लेखी जा. एस्टिमेट झालं आणि कोडच नाही म्हणाले, तर आयुक्तांकडे जाऊन काही होणार नाही. तिथे तुमच्या प्रभागाचे नगरसेवक हवेत, वर्गीकरणासाठी किंवा पुढच्या बजेटमध्ये नाव घालण्यासाठी. बजेटचं काम साधारण जानेवारी-फेब्रुवारीत चालतं, म्हणजे नगरसेवकाला दिवाळीनंतर लगेच गाठा, मार्चमध्ये गेलात तर वर्ष गेलं. टेंडर होऊन विषय स्थायीपुढे तहकूब पडला असेल, तर नगरसचिव कार्यालयात विषयपत्रिका बघायला मिळते. विषय किती वेळा पुढे ढकललाय हे तिच्यावर दिसतं. फक्त त्याच टप्प्यावर, आणि विषय तिथून सभेपुढे जाणार असेल तर, महापौरांना पुन्हा फोन करायला सांगा. तिथे त्यांच्या शब्दाला वजन असतं.